यंत्र एकच, एका वहीत तोटा, दुसरीत नफा

डिचोलीतील एखाद्या काजू कारखान्याने वाळवणीचे यंत्र काही वर्षे वापरून विकले, तर त्या विक्रीत नफा झाला की तोटा, हे केवळ बाजारभावावर ठरत नाही. दरवर्षी घसारा कोणत्या पद्धतीने आकारला गेला, यावरही ते अवलंबून असते. हे कसे घडते, ते एका काल्पनिक उदाहरणातून पाहू.

यंत्राची किंमत ५ लाख ६० हजार रुपये. वाहतूक व उभारणीचा खर्च ४० हजार. यंत्र वापरण्याजोगे होईपर्यंतचा आवश्यक खर्च त्याच्या किमतीतच मिळवायचा असतो, म्हणून वहीत ६ लाखांची नोंद होते. ज्या जीएसटीचे क्रेडिट घेतले, तो मात्र यात धरायचा नाही. यंत्र १ ऑक्टोबर २०२२ रोजी सज्ज झाले. आयुष्य दहा वर्षे आणि अखेरीस मोडीची किंमत ६० हजार, असा अंदाज आहे.

सरळ रेषा पद्धतीत ६ लाखांतून मोडीचे ६० हजार वजा करून उरलेले ५ लाख ४० हजार दहा वर्षांत सारखे वाटले जातात. वर्षाला ५४ हजार. घटत्या शिल्लकेच्या पद्धतीत मोडीची किंमत आधी वजा होत नाही. ठरलेला दर, येथे २० टक्के, दरवर्षी उरलेल्या पुस्तकी किमतीवर लावला जातो. त्यामुळे घसारा आरंभी जास्त असतो आणि पुढे कमी होत जातो.

हिशेबाचे वर्ष एप्रिल ते मार्च असे असल्याने पहिल्या वर्षी यंत्र सहाच महिने हाती होते. म्हणून दोन्ही पद्धतींत घसारा निम्मा. पुढे ३० जून २०२५ रोजी यंत्र विकले गेले. त्या वर्षीचा तीन महिन्यांचा घसारा आधी आकारायचा, मगच विक्रीचा हिशेब करायचा.

| वर्ष | सरळ रेषा: घसारा | उरलेली किंमत | घटती शिल्लक: घसारा | उरलेली किंमत |
|---|---|---|---|---|
| २०२२-२३ (६ महिने) | २७,००० | ५,७३,००० | ६०,००० | ५,४०,००० |
| २०२३-२४ | ५४,००० | ५,१९,००० | १,०८,००० | ४,३२,००० |
| २०२४-२५ | ५४,००० | ४,६५,००० | ८६,४०० | ३,४५,६०० |
| २०२५-२६ (३ महिने) | १३,५०० | ४,५१,५०० | १७,२८० | ३,२८,३२० |

विक्रीतून ४ लाख रुपये आले. सरळ रेषेच्या वहीत ५१,५०० रुपयांचा तोटा दिसतो; घटत्या शिल्लकेच्या वहीत ७१,६८० रुपयांचा नफा. पैसे मात्र तेवढेच आले आहेत.

या विसंगतीचा उलगडा बेरजेत आहे. पहिल्या पद्धतीत एकूण घसारा १,४८,५०० रुपये. त्यात तोटा मिळवला की २ लाख होतात. दुसरीत घसारा २,७१,६८० रुपये. त्यातून नफा वजा केला की पुन्हा २ लाखच उरतात. यंत्राची किंमत ६ लाख, विक्री ४ लाख. कारखान्याला यंत्र प्रत्यक्षात २ लाखांना पडले. म्हणजे हा नफा काजूच्या धंद्यातली कमाई नव्हे. आधीच्या वर्षांत घसारा जास्त धरला गेला होता, त्याची ती दुरुस्ती आहे. म्हणूनच तो काजूविक्रीत मिसळू नये, वेगळा दाखवावा.

हीच बेरीज चुका पकडण्याचे साधनही आहे. विक्रीच्या वर्षीचे तीन महिने विसरले, तर तोटा जास्त किंवा नफा कमी दिसतो, पण बेरीज २ लाखच येते. त्यामुळे ही चूक बेरजेत लपते. ती पकडण्यासाठी घसाऱ्याचे महिने मोजावेत: येथे ६, १२, १२ आणि ३, एकूण ३३. बेरीजच चुकली, तर विक्रीच्या दिवशीची पुस्तकी किंमत आधी तपासावी. विक्रीचे ४ लाख थेट उत्पन्नात जमा करून यंत्र वहीत तसेच ठेवणे ही आणखी एक चूक. मग नसलेल्या यंत्रावर घसारा चालूच राहतो.

आयकराचा हिशेब याहून निराळा आहे. तेथे सामान्यतः एकेका यंत्राचा नव्हे, तर समान दराच्या मालमत्तांच्या गटाचा घसारा घटत्या शिल्लकेने काढतात. सर्वसाधारण यंत्रसामग्रीसाठी दर १५ टक्के. महिने मोजण्याऐवजी एकच कसोटी असते: खरेदीच्या वर्षी वापर १८० दिवसांहून कमी असेल, तर दर निम्मा. १ ऑक्टोबरपासून वापरात आलेल्या या यंत्राचे ३१ मार्चपर्यंत १८२ दिवस भरतात, म्हणून पूर्ण दर मिळतो. तेच ४ ऑक्टोबरला सुरू झाले असते, तर १७९ दिवसच भरले असते आणि त्या वर्षी निम्माच घसारा मिळाला असता. विक्रीची रक्कम गटाच्या शिल्लकेतून वजा होते. गटात इतर यंत्रे व शिल्लक उरत असेल, तर त्या विक्रीवर वेगळा नफा धरला जात नाही. त्यामुळे वहीतले ७१,६८० रुपये आयकराच्या विवरणात त्याच रूपात दिसत नाहीत, आणि दोन्हींसाठी स्वतंत्र तक्ते ठेवावे लागतात.