सरकवली तरी तीच लहर

जोसेफ फूरिये या फ्रेंच गणितज्ञाचा उष्णतेवरचा ग्रंथ 1822 साली प्रसिद्ध झाला. त्यात एक छोटे कोडे आहे. वर्तुळावर समान अंतरावर काही सारख्या वस्तू मांडल्या आहेत, प्रत्येकीचे तापमान वेगळे आहे आणि प्रत्येक वस्तू फक्त आपल्या दोन शेजारणींशी उष्णतेची देवाणघेवाण करते. काही वेळाने कुणाचे तापमान किती असेल? आज आपण आवाजावर किंवा छायाचित्रावर जी प्रक्रिया करतो, तिचे मूळ गणित या कोड्यात जवळजवळ पूर्ण सापडते.

आपण चारच वस्तू घेऊ आणि नियमही सोपा ठेवू. प्रत्येक ठोक्याला वस्तूचे नवे तापमान म्हणजे स्वतःच्या तापमानाचा अर्धा भाग, अधिक दोन्ही शेजारणींच्या तापमानाचा पाव-पाव भाग. हा नियम मॅट्रिक्सच्या रूपात असा दिसतो:

```
1/2  1/4   0   1/4
1/4  1/2  1/4   0
 0   1/4  1/2  1/4
1/4   0   1/4  1/2
```

प्रत्येक ओळ ही वरचीच ओळ आहे, फक्त एक घर उजवीकडे सरकलेली. शेवटची संख्या बाहेर पडते ती फिरून पहिल्या घरात येते. अशा मॅट्रिक्सला चक्रीय मॅट्रिक्स म्हणतात. वर्तुळावर कुणी पहिला नाही, कुणी शेवटचा नाही, सगळ्यांना एकच नियम लागू आहे. मॅट्रिक्सचा हा आकार त्यातूनच आला.

सुरुवातीची तापमाने 80, 0, 40, 0 अशी घेऊ. नियम एकदा लावला की 40, 30, 20, 30 मिळतात. पहिल्या वस्तूचे पाहा: 80 चे निम्मे 40, आणि दोन्ही शेजारणी शून्यावर, म्हणून 40. हिशेब बरोबर आहे, पण नक्की काय घडले ते यातून कळत नाही. चारही संख्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

आता त्याच चार संख्या तीन नमुन्यांची बेरीज म्हणून लिहू. पहिला नमुना सपाट आहे: 1, 1, 1, 1. दुसरा वर्तुळाभोवती एकदाच वर-खाली होतो: 1, 0, −1, 0. तिसरा घरागणिक उलटतो: 1, −1, 1, −1. सपाट नमुना 30 पट, दुसरा 20 पट आणि तिसरा 30 पट घेऊन बेरीज केली की बरोबर 80, 0, 40, 0 तयार होतात.

प्रत्येक नमुन्यावर तोच नियम वेगवेगळा लावून पाहा. सपाट नमुना जसाच्या तसा राहतो. दुसरा नमुना निम्मा होतो, पण त्याचा आकार बदलत नाही. तिसरा पूर्ण नाहीसा होतो, कारण 1 चे निम्मे आणि दोन्ही बाजूंच्या −1 चा पाव-पाव भाग यांची बेरीज शून्य. म्हणजे सगळ्या गुंत्याच्या मुळाशी फक्त तीन गुणाकार होते: एकने, अर्ध्याने आणि शून्याने. 30 आणि 10 उरले, आणि त्यांतून 40, 30, 20, 30 पुन्हा मिळतात. नमुन्यांच्या भाषेत लिहिले की मॅट्रिक्सच्या कर्णाबाहेरच्या सगळ्या संख्या शून्य होतात.

यापुढची गोष्ट मला अजूनही थक्क करते. नियम बदला. अर्धा आणि पाव यांऐवजी कोणतेही चार आकडे घ्या, हवे तर फक्त उजव्या शेजारणीचेच ऐका. ओळी चक्राकार सरकत असतील तर नमुने तेच राहतात, फक्त दुसऱ्या नमुन्याऐवजी त्याची संमिश्र जोडी घ्यावी लागते, ती पुढे येईलच! बदलतात ते फक्त गुणक. अगणित चक्रीय मॅट्रिक्स, आणि त्या सगळ्यांना उलगडणारे नमुने एकच.

कारण सरकण्यात आहे. कोणतीही चक्रीय मॅट्रिक्स म्हणजे ‘जागेवर ठेव’, ‘एक घर सरकव’, ‘दोन घरे सरकव’, ‘तीन घरे सरकव’ या चार क्रियांची वजन लावून केलेली बेरीज. मग सरकवल्यावर ज्याचा आकार टिकतो असा नमुना शोधला की काम झाले. इथे संमिश्र संख्या मदतीला येतात. 1, i, −1, −i हा सदिश एक घर सरकवला की −i, 1, i, −1 होतो. नीट पाहिले तर हा मूळ सदिशच आहे, फक्त −i ने गुणलेला. i चा चौथा घात 1 असल्याने वर्तुळ बरोबर जुळते, कुठे सांधा दिसत नाही. असे चार सदिश असतात: सपाट, उलटसुलट, हा, आणि याचा जोडीदार 1, −i, −1, i. हेच फूरिये सदिश, म्हणजेच वर्तुळावरच्या लहरी. आपला 1, 0, −1, 0 हा शेवटच्या दोघांची निम्मी बेरीज आहे. आपल्या नियमाचा या सदिशावरचा गुणकही लगेच निघतो: अर्धा, अधिक −i चा पाव, अधिक i चा पाव, म्हणजे अर्धा.

सिग्नलच्या जगात ‘प्रत्येक जागी तीच वजने लावून शेजाऱ्यांची बेरीज’ या क्रियेला कन्व्होल्यूशन म्हणतात. विजापूरच्या गोल घुमटात एक टाळी वाजवली की त्या वास्तूचा पूर्ण प्रतिसाद ऐकू येतो. आपल्या आवाजाचा प्रत्येक क्षण म्हणजे एक छोटी टाळी, आणि घुमटात आपल्याला ऐकू येते ती त्या सगळ्या सरकवलेल्या प्रतिसादांची बेरीज. सेकंदाला आवाजाची 44,100 मापे धरली, एक सेकंदाचा आवाज आणि तीन सेकंदांचा प्रतिसाद घेतला, तर सरळ हिशेबाला सुमारे 583 कोटी गुणाकार लागतात. लहरींच्या भाषेत मात्र प्रत्येक लहरीमागे एकच गुणाकार. जाण्यायेण्याचा खर्च वाचवते ती जलद फूरिये रूपांतराची पद्धत. ती 1965 मध्ये कूली आणि टुकी यांनी मांडली. तिचे सार गाउसने 1805 च्या सुमारासच लघुग्रहांच्या कक्षांचे हिशेब करताना लिहून ठेवले होते. या मार्गाने, ढोबळमानाने, दीड कोटीच्या आत काम होते.

इथे एक खाचखळगा आहे. आवाज वर्तुळावर नसतो, मॅट्रिक्स मात्र वर्तुळच गृहीत धरते. तशीच वापरली तर घुमण्याचे शेपूट शेवटातून बाहेर पडून सुरुवातीला चिकटते, आणि शब्द उच्चारण्याआधीच त्याचा प्रतिध्वनी ऐकू येतो. असे काही कानावर आले की चूक कुठे आहे ते कळलेच. उपाय सोपा: आवाज आणि प्रतिसाद या दोघांमागे पुरेशी शून्ये जोडायची, म्हणजे शेपटाला पसरायला जागा मिळते. वरच्या उदाहरणात उत्तराची लांबी 1,76,399 होते, म्हणून 2 चा अठरावा घात, 2,62,144 घरे घेतली की पुरते.

उलटा प्रवास अवघड आहे. 40, 30, 20, 30 वरून सुरुवातीची तापमाने सांगता येतील का? गुणकांनी भागायचे, इतकेच वाटते. पण एक गुणक शून्य आहे. 50, 30, 10, 30 वर तोच नियम लावून पाहा: उत्तर पुन्हा 40, 30, 20, 30. उलटसुलट नमुन्यात जे होते ते नियमाने पुसून टाकले, आणि ते परत मिळवता येत नाही. गुणक शून्य नसून 0.01 असता तर भागाकार झाला असता, पण मापनातली बारीकशी चूकही त्या लहरीत शंभरपट फुगली असती. धूसर छायाचित्र ‘साफ’ करताना अचानक दाणेदार जाळी उमटते ती याच कारणाने. म्हणून नॉर्बर्ट वीनरच्या पद्धतीत सरळ भागाकार टाळतात. प्रत्येक लहरीत सिग्नल किती आणि गोंगाट किती हे पाहून भागाकाराला आवर घालतात, आणि जिथे गोंगाटच जास्त आहे ती लहर जवळजवळ सोडून देतात.