बर्स्ट टाइमचा तक्ता हरवला तर?

ऑपरेटिंग सिस्टिमच्या परीक्षेत हमखास येणारा प्रश्न: तीन प्रोसेस एकाच वेळी आल्या, प्रत्येकीचा बर्स्ट टाइम तक्त्यात दिला आहे, सरासरी प्रतीक्षाकाळ काढा. पण छपाईत तक्त्याचे चित्रच गळले, तर गणित सुटेल का?

आधी पूर्ण तक्ता असल्याचे धरू. बर्स्ट 24, 3 आणि 3 मिलिसेकंद आहेत आणि पद्धत ‘आधी आला, आधी सुटला’ अशी आहे. पहिली प्रोसेस थांबत नाही, दुसरी 24 मिलिसेकंद थांबते, तिसरी 27. सरासरी 17. क्रम 3, 3, 24 असा केला, तर प्रतीक्षा 0, 3 आणि 6 होते, म्हणजे सरासरी फक्त 3. तेव्हा नुसते आकडे आठवून भागत नाही, क्रमही हवा.

आता उलटे जाऊ. हाती केवळ 17 हे उत्तर आहे. एकूण प्रतीक्षा 51, म्हणजे पहिल्या बर्स्टची दुप्पट अधिक दुसरा बर्स्ट. 24 आणि 3 ही जोडी बसते, तशीच 20 आणि 11 हीसुद्धा. तिसरीचा बर्स्ट तर हिशेबात येतच नाही, कारण तिच्यामागे कोणी थांबलेलेच नसते.

गँट चार्ट शिल्लक असेल, तर मात्र वाट सापडते. त्यावर 0, 24, 27, 30 अशा खुणा असतील, तर लगतच्या खुणांची वजाबाकी केली की 24, 3, 3 परत मिळतात. राउंड रॉबिनमध्ये एकाच प्रोसेसचे तुकडे विखुरलेले असतात, तिथे त्यांची बेरीज करावी लागते.

चार्टही नसेल, तर प्रश्नाला एकच उत्तर उरत नाही.