एकमेकांवर चढणाऱ्या वेळा कशा जोडाव्यात

एका सभागृहाच्या वहीत दिवसभराच्या नोंदी आल्या तशा लिहिल्या आहेत: १३:०० ते १४:००, ९:०० ते १०:३०, ११:०० ते १२:३०, १३:१५ ते १३:४५ आणि १०:०० ते ११:००. सभागृह कोणत्या वेळी गुंतलेले आहे, हे ठरवण्यासाठी एकमेकांवर येणारे कालावधी जोडून त्यांची सलग यादी करावी लागते.

पहिले काम म्हणजे नोंदी सुरुवातीच्या वेळेनुसार लावणे. मग ९:०० ते १०:३० हा चालू कालावधी धरायचा. पुढची नोंद १०:०० ला, म्हणजे तो संपण्याआधीच सुरू होते. त्यामुळे त्याचा शेवट ११:०० पर्यंत सरकतो. एखादी नोंद चालू कालावधीपर्यंत पोचलीच नाही, तर तो कायमचा बंद करता येतो, कारण तिच्यानंतरच्या नोंदी तिच्याआधी सुरू होऊच शकत नाहीत. क्रम लावण्याचा सारा फायदा यातच आहे: यादी एकदाच वाचावी लागते.

दुपारच्या नोंदींत एक चूक लपते. १३:१५ ते १३:४५ ही नोंद १३:०० ते १४:०० च्या पोटात आहे. जोडताना नव्या नोंदीचा शेवट तसाच उचलला, तर सभागृह १३:४५ लाच मोकळे दिसेल आणि पाव तास दोनदा दिला जाईल. म्हणून दोन शेवटांपैकी उशिराचा घ्यायचा:

```python
if start <= end:
    end = max(end, stop)
```

आता उरतो ११:०० चा प्रश्न. एक कालावधी तिथे संपतो आणि दुसरा तिथेच सुरू होतो. वरच्या `<=` मुळे ते जुळून ९:०० ते १२:३० होतात. `<` लिहिले तर वेगळे राहतात. सभागृह सलग किती वेळ गुंतले आहे, हे विचारले असेल तर जोडणेच योग्य, कारण मध्ये मोकळा क्षण नाही. पण दोन नोंदींची टक्कर होते का, हे तपासायचे असेल तर जोडू नये. कॅलेंडरच्या प्रचलित पद्धतीत शेवटची वेळ कालावधीत मोजत नाहीत, त्यामुळे ११:०० चा क्षण फक्त दुसऱ्या नोंदीचा असतो आणि टक्कर होत नाही.

तारखांचे गणित निराळे आहे. ३ ते ५ जून आणि ६ ते ८ जून या रजांत दोन्ही टोकांचे दिवस धरलेले असतात. एकही दिवस समान नाही, तरी मध्ये कामाचा दिवसही नाही. सलग रजा मोजायची तर ६ ची तुलना ५ शी नव्हे, ५ अधिक १ शी करावी लागते. वेळांसाठी लिहिलेला `<=` इथे तसाच वापरला, तर सहा दिवसांची रजा तीन-तीन दिवसांच्या दोन रजा म्हणून मोजली जाते.

जनुकीय माहितीवर काम करणाऱ्या `bedtools merge` मध्ये टेकलेले तुकडे आपोआप जोडले जातात. ते वेगळे हवे असल्यास `-d -1` असे सांगावे लागते. म्हणून कोणतेही तयार साधन वापरण्यापूर्वी टेकलेल्या दोन नोंदी देऊन त्याचे उत्तर पाहून घ्यावे.