पंचवटीत नवीन घर बांधले, नळ कोणाच्या नावाने मागायचा?

म्हसरूळ, हिरावाडी, पेठ रोड, मखमलाबाद या पंचवटीच्या भागांत आपल्या अनेक कुटुंबांनी वडिलांच्या प्लॉटवर नवीन घरे बांधली आहेत. घर उभे राहते, पण नळजोडणीचा अर्ज कागदांत अडकतो. बहुतेक वेळा कागद कमी नसतात, त्यांच्यावरचे नाव जुळत नाही. म्हणून आम्ही इथे याच एका मुद्द्यावर सविस्तर सांगत आहोत.

नाशिक महानगरपालिकेच्या सहा विभागांपैकी पंचवटी हा एक. अर्ज पंचवटी विभागाच्या पाणीपुरवठा खात्याकडे जातो. तिथे तीन कागद शेजारी ठेवून बघतात: मालकीचा उतारा (सातबारा किंवा सिटी सर्व्हे), बांधकाम परवानगी व भोगवटा दाखला, आणि घरपट्टीची भरलेली पावती. तिन्हींवर मालक आणि मिळकत एकच दिसली पाहिजे.

आता एक नेहमीचा प्रसंग घेऊ. परवानगी वडिलांच्या नावाने काढली. बांधकाम चालू असताना वडिलांचा इंतकाल झाला. घर मोठ्या मुलाने पूर्ण केले, राहतोही तोच, म्हणून त्याने स्वतःच्या नावाने नळ मागितला. उतारा मात्र अजून मरहूम वडिलांच्या नावावर आहे, त्यामुळे अर्ज परत येतो. मुलगा म्हणतो, "अब्बांनी हयातीत मलाच दिलं होतं." शरियतप्रमाणे तोंडी हिबा होऊ शकतो. देणाऱ्याने जाहीर करणे, घेणाऱ्याने कबूल करणे आणि ताबा देणे या तीन गोष्टी झाल्या की कायदाही तो मानतो. पण पाणीपुरवठ्याचा कारकून हिबा खरा की खोटा हे ठरवू शकत नाही. त्याला उताऱ्यावरची नोंद लागते.

अशा वेळी आधी वारस नोंद करून घ्यावी. मृत्यूचा दाखला आणि वारसांची यादी घेऊन सातबारा असेल तर तलाठ्याकडे, सिटी सर्व्हे असेल तर नगर भूमापन कार्यालयात अर्ज करायचा. यादीत आई आणि बहिणींची नावे हवीतच. विरासतीत त्यांचा हिस्सा ठरलेला आहे. लग्न होऊन गेल्या म्हणून बहिणींना वगळले, तर एकीची हरकत आली तरी नोंद अडकते. नोंद झाल्यावर घरपट्टीचे नाव बदलून घ्यावे. मग बाकी वारसांच्या सह्यांचे संमतीपत्र जोडून एकाच्या नावाने नळ मागता येतो. नळ नावावर आला म्हणजे घर एकट्याचे झाले असे नाही, हे घरात आधीच बोलून घ्यावे.

दुसरी अडचण नावाच्या लिखाणाची. आधारवर 'शेख' शेवटी, उताऱ्यावर सुरुवातीला. एका कागदावर 'अब्दुल रहीम', दुसऱ्यावर नुसते 'रहीम'. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र पहिल्याच दिवशी जोडा, म्हणजे हेलपाटा वाचतो.

अर्ज असा लिहावा:

प्रति,
मा. उपअभियंता, पाणीपुरवठा विभाग,
पंचवटी विभाग, नाशिक महानगरपालिका.

विषय: नवीन घरासाठी घरगुती वापराची अर्धा इंची नळजोडणी मिळणेबाबत.

महोदय,
मौजे ____ येथील सर्व्हे/सिटी सर्व्हे नं. ____, प्लॉट नं. ____ वर मंजूर परवानगी क्र. ____ प्रमाणे माझे घर पूर्ण झाले आहे. भोगवटा दाखला क्र. ____, घरपट्टी इंडेक्स नं. ____. घरात ____ माणसे राहतात. मनपाची पाण्याची लाईन घरापासून सुमारे ____ फुटांवर असून रस्ता डांबरी/काँक्रीट/मुरूम आहे. रस्ता फोडण्याचे व जोडणीचे शुल्क भरण्यास तयार आहे. कृपया जोडणी मंजूर करावी.

सोबत: मालकीचा उतारा, परवानगी व भोगवटा दाखला, घरपट्टी पावती, आधार, वारसांचे संमतीपत्र, परवानाधारक प्लंबरचा दाखला व नकाशा.

आपला/आपली, नाव, सही, मोबाईल, दिनांक.

रस्त्याचा उल्लेख मुद्दाम ठेवला आहे. रस्ता फोडण्याचे पैसे रस्त्याच्या प्रकारावर ठरतात, आणि पावसाळ्यात खोदाईला सहसा मनाई असते. 2027 च्या सिंहस्थासाठी शहरात रस्त्यांची कामे चालू आहेत. तुमच्या गल्लीत काँक्रीट पडणार असेल तर त्याआधीच अर्ज करा. नवा रस्ता फोडायची परवानगी मिळणे फार अवघड जाते.

अर्ज दिल्यावर दिनांक आणि नंबर असलेली पोच घेतल्याशिवाय उठू नका. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 प्रमाणे अधिसूचित सेवेची मुदत कार्यालयात लावलेली असावी लागते आणि अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावे लागते. मुदत संपली किंवा नकार आला, तर 30 दिवसांत पहिले अपील करता येते. "साहेब नाहीत, नंतर या" या तोंडी उत्तरावर अपील करायचे तर हातात ती पोचच लागते.