डोकं दुखते अन् मशीनवर बीपी १८६ : आधी टेका, मग पुन्हा मोजा, पण 'ही' लक्षणं असली तर थांबू नका

नागपूर : आता गावागावात बीपीची मशीन पोहोचली आहे. शहरात नोकरीवर असलेला मुलगा दिवाळीला येताना घेऊन येतो, घरातले सगळे हौसेने एकदा मोजून पाहतात आणि मग ती टीव्हीखालच्या कप्प्यात पडून राहते. तिची आठवण होते ती रात्री डोकं ठणकायला लागल्यावर. नेमक्या त्याच वेळी मशीन मोठा आकडा दाखवते, आणि घरात धावपळ सुरू होते.

समजा, काटोल तालुक्यातल्या एका गावातली ५८ वर्षांची बाई. बीपीची गोळी चार वर्षांपासून चालू. दिवसभर संत्र्याच्या बागेत काम केलं, दुपारपासून डोकं जड. रात्री साडेनऊला ती म्हणते, "डोकं लयच दुखून राह्यलं बापा." सून मशीन काढते. बाई खाटेवर पाय लोंबकळत बसलेली, पट्टा ब्लाउजच्या बाहीवरूनच गुंडाळलेला, हात मांडीवर. मोजताना शेजारीण विचारते आणि बाई उत्तरंही देते. आकडा येतो १८६/१०८. सगळे घाबरतात. लगेच दुसऱ्यांदा मोजतात, १९२. लगेच तिसऱ्यांदा, १९६. कोणी म्हणतो जिभेखाली गोळी ठेवा, कोणी म्हणतो दोन गोळ्या एकदम द्या, कोणी गाडी काढायला धावतो.

यात घाबरण्यासारखं काय आहे आणि काय नाही, हे दोन प्रश्नांवर ठरते. पहिला प्रश्न आकड्याचा नाहीच. तो असा, की डोकेदुखीसोबत आणखी काही होत आहे काय?

आधी माणसाकडे पाहा, मग मशीनकडे

चेहरा एका बाजूला ओढला गेला, एक हात किंवा पाय लुळा पडला, जीभ जड होऊन बोलणं कळेनासं झालं, दिसायला अंधुक झालं किंवा एकाचं दोन दिसू लागलं, छातीत दुखतं, दम लागतो, झटका आला, माणूस असंबद्ध बोलतो किंवा झोपेत गेल्यासारखा होतो, छाती-पाठीत फाटल्यासारखी कळ येते : यातलं एकही असलं तर पुन्हा मोजायचं नाही, पाच मिनिटंही थांबायचं नाही. थेट १०८ लावायचा. मशीनवर १५० असला तरी.

आणि डोकेदुखीचीच एक जात अशी आहे की ती एकटी असली तरी पुरे. सेकंदा-मिनिटात एकदम उठलेली, आयुष्यात कधी झाली नाही अशी कळ, सोबत उलटी किंवा मान आखडणं. ती मेंदूत रक्तस्राव झाल्याची खूण असू शकते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं असंच झालं होतं. १२ एप्रिल १९४५ ला दुपारी बसल्या जागी त्यांनी डोक्याच्या मागच्या बाजूला भयंकर दुखत असल्याचं सांगितलं, थोड्याच वेळात शुद्ध गेली आणि त्याच दिवशी ते वारले. डॉक्टरांनी तपासलं तेव्हा बीपी ३०० च्या घरात होता. त्याच्या आधीची काही वर्षं त्यांचा बीपी चढतच होता, पण तेव्हा त्यावर चालतील अशी चांगली औषधंच नव्हती. आता ती प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात.

आपल्या काटोलच्या बाईचं तसं नाही. दुपारपासून हळूहळू चढलेलं, जड, कपाळ दाबून धरल्यासारखं दुखणं आहे. हातपाय चालतात, बोलणं नीट आहे, दिसतं बरोबर. म्हणजे दुसऱ्या प्रश्नाकडे जायला वेळ आहे : आकडा खरा आहे काय?

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. बीपी वाढला म्हणून डोकं दुखते असं आपण धरून चालतो. वरचा आकडा १५० किंवा १६० असलेल्या बहुतेकांना काहीच जाणवत नाही, म्हणून तर हा आजार वर्षानुवर्षं लपून राहतो. साधारणपणे बीपी १८०/१२० च्या आसपास किंवा वर चढला तरच डोकेदुखी त्याच्यामुळे असल्याची शंका घेतात. उलट बरेचदा डोकं दुखते, झोप झालेली नसते, उन्हात पाणी कमी प्यालेलं असते, आणि त्या दुखण्याने व भीतीने बीपी चढतो. तीनदा पाठोपाठ मोजल्यावर आकडा चढत गेला तो असाच.

आता बरोबर मोजायचं कसं

बाईला आधी लघवीला जाऊन येऊ द्या. भरलेल्या मूत्राशयाने वरचा आकडा दहाएक अंकांनी चढू शकतो. मग पाठ टेकेल अशा खुर्चीवर बसवा. घरातली प्लास्टिकची खुर्ची चालते, फक्त दोन्ही तळपाय जमिनीवर टेकले पाहिजेत, पायावर पाय नको. खाट यासाठी वाईट, कारण पाठीला आधार नसतो आणि पाय लोंबकळतात. पंखा लावा, पाणी द्या, लोकांना बाहेर काढा. मागच्या अर्ध्या तासात चहा, बिडी किंवा खर्रा झाला असेल तर तेवढा वेळ जाऊ द्या. खर्ऱ्याचं आपल्याकडे कोणी सांगत नाही, पण तंबाखू चघळली तरी बीपी वर जातो.

अशी शांत पाच मिनिटं बसल्यावर बाही वर सरकवून उघड्या दंडावर पट्टा बांधा. वर सरकवलेली बाही घट्ट होऊन दंड आवळत असेल तर हात बाहीतून काढून घ्या. पट्ट्याची खालची कड कोपराच्या वळणापासून दोन बोटं वर, नळी तळहाताच्या बाजूने खाली. एक बोट आत जाईल इतपत घट्ट. हात टेबलावर ठेवा आणि खाली घडी केलेली चादर किंवा डबा ठेवून पट्टा छातीच्या मध्यावर येईल असं करा. ही गोष्ट बहुतेक घरात चुकते. हात मांडीवर खाली राहिला की हृदयापासून जितका खाली तितका आकडा फुगतो. एक वीत खाली असला तरी दहा-पंधरा अंकांचा फरक पडतो.

पट्ट्याच्या मापाकडेही एकदा पाहून ठेवा. पट्ट्यावर दंडाचा घेर सेंटिमीटरमध्ये छापलेला असतो, बहुतेक मशीनसोबत २२ ते ३२ चा येतो. दंड जाड असेल आणि हाच पट्टा ओढून-ताणून बांधला तर आकडा जास्त येतो, फार जाड दंडाला वीसेक अंकांपर्यंत. शिवणाच्या टेपने दंड मोजा आणि ३२ च्या वर असेल तर मोठा पट्टा वेगळा विकत घ्या.

मोजताना कोणी बोलायचं नाही, बाईनेही नाही. एकदा मोजा, एक मिनिट थांबा, दुसऱ्यांदा मोजा, आणि दोन्हींची सरासरी धरा. SYS म्हणजे वरचा आकडा, DIA म्हणजे खालचा. वहीत वेळेसकट लिहा. यापेक्षा जास्त वेळा मोजत बसलं की भीतीच मोजली जाते.

असं मोजल्यावर समजा आकडा आला १६८/९८, मग १६२/९६. मशीन तीच, माणूस तोच. पाणी पिऊन, दोन घास खाऊन डोकंही थोडं उतरलं. विचारपूस केल्यावर कळलं, गोळ्यांचं पाकीट परवाच संपलं होतं आणि बाजाराच्या दिवशी आणू म्हणून राहिलं होतं. गोळी बंद पडणं हे आकडा चढण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे. या बाईला रात्री नागपूर गाठण्याची गरज नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन तपासून घ्यावं आणि तीच गोळी पुन्हा सुरू करावी. डोकेदुखीसाठी पॅरासिटामॉल चालते. पण दुकानातून अंगदुखीची कडक गोळी, म्हणजे डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन असलेली, आणू नये. त्या बीपी वाढवतात.

पण नीट मोजूनही १८०/१२० किंवा वर राहिला तर? दोन्हीपैकी एक आकडा एवढा असला तरी मोजणीत धरायचा. डोकं दुखतच असेल, वाढत असेल, तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच दवाखाना गाठा. काहीच त्रास नसेल, डोकेदुखीही नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून किंवा जाऊन औषध ठरवून घ्यायचं. त्यात मिनिटांची घाई नसते.

गरोदर बाई मात्र या हिशेबात बसत नाही. पाचव्या महिन्यानंतर, आणि बाळंतपणानंतरही सहा आठवडे, डोकेदुखीसोबत १४०/९० आला तरी त्याच दिवशी दवाखाना. १६०/११० असेल, डोळ्यांपुढे चमकतं किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखतं, तर लगेच १०८ किंवा १०२.

जिभेखालची गोळी नको

पूर्वी निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली द्यायचे. आकडा झपाट्याने उतरायचा, घरचे खूश व्हायचे. पण वर्षानुवर्षं जास्त दाबाची सवय झालेल्या मेंदूला आणि हृदयाला दाब एकदम पडला की रक्तच कमी पोहोचतं. त्याने लकवा आणि हार्ट अटॅक आलेले पाहून १९९० च्या दशकात तज्ज्ञांनी ती पद्धत नाकारली. तरी गावात अजून तो सल्ला मिळतो. दोन गोळ्या एकदम घेणं, शेजाऱ्याची गोळी घेणं हाही तोच प्रकार. आजची स्वतःची गोळी राहिली असेल तर ती एक घ्यावी, बस.

लकव्यात तर घरी बीपी उतरवणं आणखी वाईट. गाठीने रक्त अडलं असेल तर वाढलेल्या दाबावरच उरलेला भाग तगून असतो. अ‍ॅस्पिरिनही देऊ नका, कारण नळी बंद झाली की फुटली हे सीटी स्कॅनशिवाय डॉक्टरलाही सांगता येत नाही. गाठ विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात, आणि नरखेड किंवा भिवापूरकडून नागपूर गाठण्यातच त्यातला बराच वेळ जातो. म्हणून १०८ वर बोलताना पहिल्याच वाक्यात सांगा : "लकव्यासारखं वाटते, इतक्या वाजता सुरू झालं." शेवटचं कधी ठणठणीत पाहिलं होतं ती वेळ लिहून घ्या. सीटी स्कॅन असलेल्याच दवाखान्यात न्यायला सांगा. नागपुरात मेडिकल आणि मेयोत ती सोय आहे. गाडी येईपर्यंत माणसाला एका कुशीवर निजवा, तोंडात पाणी किंवा गोळी घालू नका, आणि चालू गोळ्यांची पाकिटं व बीपीची वही पिशवीत टाका.