गोंधळाच्या पदात ‘उदे’ कुठं घालावा

आपल्या लातूरकडं लग्न उरकलं की कुळाचाराचा गोंधळ घालतात. तुळजाभवानीचे गोंधळी कदमराई, माहूरच्या रेणुकेचे रेणुराई. संबळ, तुणतुणं, दिवटी दोघांचीही. असं देवीचं पद कुणाला नव्यानं रचायचं असेल, तर एक गोष्ट ध्यानात धरा. ‘उदे’ची आरोळी वाटेल तिथं घालायची नसते, कथेनं ती मागावी लागते.

आधी आवाहन. गणपती, कुलदेवी, मग गावोगावचे देव, एकेकाला नाव घेऊन गोंधळाला बोलवायचं. इथं चाल संथ ठेवा. इथंच संबळ कडाडला, तर पुढं चढायला जागा उरत नाही.

मग आख्यान. तुळजापूरचीच कथा घ्या. कर्दम ऋषी गेले, पत्नी अनुभूती तपाला बसली. कुकुर दैत्यानं तिचं तप मोडलं. तिनं हाक मारली, देवी त्वरेनं धावली, म्हणून ती त्वरिता, तीच आपली तुळजा. आता रचना पहा. सुरुवातीला ओळ लांब:

नदीकाठी सती बसली, डोळे मिटून ध्यानाला

इथं झीलकऱ्यानं विचारावं, “मग काय झालं, नाईक?” या प्रश्नानं नाईकाला दम मिळतो अन् ऐकणाराचा जीव टांगणीला लागतो. आता ओळ तोडायची:

आला कुकुर!
धरला हात!
मोडलं ध्यान!
फुटली हाक!

आणि लगेच सगळ्यांनी, “उदे गं अंबे उदे!”

पहा, ही आरोळी म्हणजे अनुभूतीचीच हाक झाली. ती ‘आला कुकुर’च्या आधी घातली असती, तर संकटाआधीच देवी आली म्हणायची, मग कथेत राहिलं काय?

दुसरं. हाक अन् देवीचं येणं यांच्या मधी एकही ओळ घालू नका. पुष्कळ जण इथंच आठ भुजा, दागिने, शालू यांचं वर्णन लावतात. ती त्वरेनं येणारी देवी, अन् तुम्ही तिला दारात उभी करून शृंगार मोजताय! वर्णन नंतर. कुकुर रेड्याचं रूप घेतो, तिथं संबळ आणखी चढवा. वध झाला की दुसरा ‘उदे’. मग चाल एकदम उतरवून अष्टभुजेचं रूप निवांत गावं अन् आरतीकडं वळावं.

पद जमलं का, हे कसं ओळखावं? संबळाविना चार माणसांत नुसतं म्हणून पहा. ‘फुटली हाक’ म्हटल्यावर कुणी न सांगता ‘उदे’ म्हणालं, तर जागा बरोबर. हात वर करून सांगावं लागलं, तर आधीच्या ओळी लांबल्यात. त्या छाटा, आरोळी वाढवू नका.

बोला, आई राजा उदे उदे!