बोटाला पाठ झालेली जागा

बँकेचे अ‍ॅप रोज वापरणारा माणूस त्याची होम स्क्रीन वाचत नाही. पिन टाकला की बोट ठरलेल्या जागी जाते, बॅलन्स दिसतो, खालच्या रांगेतले दुसरे बटण दाबले की शेवटचे व्यवहार उघडतात. पेन्शन जमा झाली का, गॅसचे पैसे वळते झाले का, एवढे पाहून अ‍ॅप बंद होते. तरुणाच्या हातात फोन असला तरी हे असेच घडते. फरक पडतो तो स्क्रीनची मांडणी बदलल्यावर. तरुण चार ठिकाणी दाबून पाहतो आणि दोन दिवसांत नवी जागा शिकतो. सत्तरीतला खातेदार मात्र पैशांच्या अ‍ॅपमध्ये चाचपून पाहायला बिचकतो. चुकीचे काही दाबले गेले तर पैसे जातील ही धास्ती त्याला असते, आणि ती अगदीच निराधार नसते.

वयानुसार स्मरणशक्तीचे सगळे भाग सारखे उतरत नाहीत. हाताने पुन्हापुन्हा केलेली कृती बऱ्याच उशिरापर्यंत टिकते. नवी मांडणी मनात बसवायला मात्र वेळ लागतो, आणि त्याहून अवघड असते जुनी सवय दाबून ठेवणे. म्हणजे ज्येष्ठ वापरकर्त्याची अडचण नुसती नवे शिकण्याची नसते. जुने न करण्याचीही असते. होम स्क्रीनचा नवा आराखडा ओळखीच्या गोष्टींचा मान राखतो की नाही, हे ठरवताना म्हणून रंग, सुबकपणा किंवा अक्षरांचा आकार यांच्याआधी पाहायचे ते हे की जुन्या जागी गेलेल्या बोटाला आता काय सापडते.

एक नमुना घेऊन हे तपासता येईल. तो कोणा एका बँकेचा नाही, पण असे बदल अनेक अ‍ॅपांत पाहायला मिळतात. जुन्या स्क्रीनवर सर्वांत वर बचत खात्याचे शेवटचे चार आकडे आणि त्याखाली ठळक अक्षरांत बॅलन्स. त्याखाली तीन-तीन बटणांच्या तीन रांगा: पहिलीत ‘फंड ट्रान्सफर’, ‘मिनी स्टेटमेंट’, ‘बिल पेमेंट’, दुसरीत ‘एफडी’, ‘चेकबुक’, ‘कार्ड’, तिसरीत क्वचित लागणाऱ्या सोयी. उजव्या वरच्या कोपऱ्यात लाल ‘लॉगआउट’. दिसायला हे जुनाटच होते. नव्या स्क्रीनवर वर नाव घेऊन केलेले स्वागत, मग आपोआप सरकणारी जाहिरातीची पट्टी, तिच्याखाली ‘एकूण संपत्ती’ अशा मथळ्याचे कार्ड आणि त्यात आकड्यांऐवजी ठिपके. पुढे गोल चित्रांची एक रांग: स्कॅन, मोबाइल नंबर, रिचार्ज. तळाशी पाच बटणांची पट्टी. ‘लॉगआउट’ प्रोफाइलच्या आत.

आता एकेक काम घेऊ. बॅलन्स पाहायचा तर डोळ्याच्या चित्रावर दाबावे लागते. हा बदल विनाकारण केलेला नाही. बसमध्ये किंवा दुकानात शेजारच्याने आकडा वाचू नये म्हणून तो झाकलेला असतो. पण डोळ्याच्या चित्राचा अर्थ माहीत नसेल तर ठिपके म्हणजे बिघाड वाटतो. त्याहून घोटाळा पुढे आहे. डोळा दाबल्यावर दिसणारा आकडा आता बचत खात्याचा राहिलेला नाही. त्यात मुदत ठेवी मिळवलेल्या आहेत. जागा तीच, दिसणे जवळपास तेच, अर्थ वेगळा. खात्यात 38,000 रुपये आणि ठेवीत 5,00,000 असतील तर स्क्रीनवर 5,38,000 दिसतात, आणि चेक देताना माणूस त्या आकड्यावर विसंबला तर चेक परत जाऊ शकतो. काही अ‍ॅपांत याच भागात ‘तुमच्यासाठी मंजूर’ अशा शब्दांत कर्जाची रक्कम बॅलन्सपेक्षा मोठ्या अक्षरांत येते. ते कर्ज आहे हे खालच्या बारीक ओळीत असते.

शेवटचे व्यवहार पाहण्याचे बटण स्क्रीनवरून गेले. आता खात्याच्या कार्डावर दाबायचे, मग खाते निवडायचे, मग खाली सरकवायचे. एका दाबण्याचे तीन झाले, हा त्रास खरा, पण ती यातली मोठी अडचण नव्हे. मुख्य अडचण ही की कार्डावर दाबता येते हे कार्ड पाहून कळत नाही. जुन्या बटणाला कडा होती, खाली नाव होते. नव्या सपाट आराखड्यात दाबायची वस्तू आणि नुसती पाहायची वस्तू यांत भेद उरलेला नाही. बटण दिसले नाही की ते बंद झाले, असा अर्थ लावला जातो.

पैसे पाठवण्याचे काय होते? जुन्या ‘फंड ट्रान्सफर’च्या जागी आता ‘स्कॅन’ आहे. बोट सवयीने तिथे पडते आणि फोनचा कॅमेरा सुरू होतो. कॅमेऱ्याची परवानगी मागणारी चौकट आली की माणूस दचकतो, कारण अशा चौकटीत घाईने होकार देऊ नये, असे त्याला बँकेनेच बजावलेले असते. इथे दोन प्रकारचे बदल वेगळे करायला हवेत. वस्तू जुन्या जागेवरून हलली आणि ती जागा रिकामी राहिली, तर शोधाशोध होते. त्या जागी दुसरी वस्तू आली, तर चूक होते. पैशांच्या अ‍ॅपमध्ये दुसरा प्रकार अधिक वाईट, आणि नव्या आराखड्याची चिकित्सा करताना हाच प्रश्न बहुधा विचारायचा राहून जातो.

सोयीसाठी जागा बदलत ठेवणे हा उपाय आहे असे वाटू शकते, म्हणजे ज्याला जे जास्त लागते ते त्याला आपोआप वर दिसेल. हा प्रयोग जुना आहे. मायक्रोसॉफ्टने ऑफिस 2000 मध्ये कमी वापरातल्या गोष्टी लपवणारे मेनू आणले होते. 2004 साली फिंडलेटर आणि मॅकग्रेनर या संशोधकांनी स्थिर मेनू आणि आपोआप बदलणारा मेनू यांची तुलना केली तेव्हा स्थिर मेनूवर काम अधिक वेगाने झाले. कारण उघड आहे: वस्तू जवळ आली तरी ती आज कुठे आहे हे दर वेळी पाहावे लागते. बँकांच्या होम स्क्रीनवर ‘तुमच्यासाठी निवडलेले’ असे जे कप्पे येतात त्यांनाही हेच लागू आहे. ते खाली, वेगळ्या जागेत असतील तर फारसे बिघडत नाही. रोजच्या बटणांमध्ये मिसळले की बिघडते.

सुलभतेच्या निकषांवर बोट ठेवून बँक म्हणू शकते की आमचे अ‍ॅप तपासून घेतलेले आहे. जगभर वापरल्या जाणाऱ्या डब्ल्यूसीएजी या निकषांची 2.2 ही आवृत्ती 2023 मध्ये आली. दाबायची जागा किमान किती मोठी असावी, अक्षर आणि पार्श्वभूमी यांत किती फरक असावा, हे त्यात आहे. पुन्हापुन्हा येणारे मेनू सगळ्या पानांवर एकाच क्रमाने असावेत, असाही नियम आहे. पण हा नियम एकाच आवृत्तीतल्या पानांना लागू होतो. कालचे अ‍ॅप आणि आजचे अ‍ॅप यांची तुलना त्यात येत नाही. त्यामुळे एखादे अ‍ॅप सगळे निकष पार करूनही दहा वर्षे ते वापरणाऱ्याला परके होऊ शकते, आणि त्या तपासणीच्या कागदावर याची नोंदही होत नाही.

मग तपासायचे कसे? आधी ज्येष्ठ खातेदार खरोखर करतात ती कामे काढायची. ती फार नसतात: बॅलन्स, शेवटचे व्यवहार, ठरलेल्या दोन-तीन जणांना पैसे, ठेवीचे नूतनीकरण, व्याजावर कर कापला जाऊ नये म्हणून वर्षातून एकदा भरायचा अर्ज, आणि नीट बाहेर पडणे. जुने अ‍ॅप निदान वर्षभर वापरलेल्या व्यक्तीला नवे अ‍ॅप तिच्याच फोनवर द्यायचे, कारण त्या फोनवर अक्षरे मोठी केलेली असतात आणि मोठ्या अक्षरांत बटणांची नावे अर्धवट कापली जातात किंवा शेवटची रांग स्क्रीनखाली जाते. आराखडा करणाऱ्याच्या टेबलावर हे कधी दिसत नाही. मग काहीही न शिकवता एकेक काम सांगायचे आणि पहिले बोट कुठे पडते एवढेच पाहायचे. ‘आवडले का’ हे विचारण्यात अर्थ नाही. समोर बसलेल्या मुलाला वाईट वाटू नये म्हणून आजी ‘छान आहे हो’ म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी शाखेत जाऊन पासबुक भरून आणतात. मोठी भोके सापडायला अशी पाच-सहा माणसेही बहुधा पुरतात. टक्केवारी काढायला मात्र ती पुरत नाहीत.

अ‍ॅप बाहेर पडल्यावरचे आकडे जपून वाचावे लागतात. अडखळणारी माणसे तक्रार करत नाहीत, अ‍ॅप उघडायचे थांबतात. ती मोजणीतून गळाली की उरलेल्यांचा सरासरी वेळ सुधारतो आणि नवा आराखडा यशस्वी ठरतो. वयोगट आणि खात्याचा जुनेपणा यांनुसार आकडे वेगळे काढले, अ‍ॅप उघडून काहीच न करता बंद करणारे किती हे पाहिले, शाखेतल्या पासबुकाच्या रांगेची खबर घेतली, तरच खरे चित्र दिसते.

यात सुरक्षिततेचाही भाग आहे. खरी स्क्रीन कशी दिसते हे पाठ असणे हीच अनेक ज्येष्ठांची फसवणुकीविरुद्धची ढाल असते. स्क्रीन एका रात्रीत बदलली की खरे आणि खोटे ओळखण्याची खूण जाते. ‘बँकेचे नवे अ‍ॅप’ म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवणाऱ्या भामट्यांना असा काळ सोयीचा असतो. गोंधळलेला माणूस मदतीसाठी इंटरनेटवर नंबर शोधतो आणि तिथे पेरलेल्या खोट्या नंबरावर फोन करतो. म्हणून मदतीचा खरा नंबर होम स्क्रीनवरून हलवणे हा सगळ्यांत महाग पडणारा बदल आहे.

ओळखीचा मान राखायचा म्हणजे जुने जसेच्या तसे ठेवायचे असे नाही. जुने अ‍ॅप कायम चालू ठेवणे बँकेला परवडत नाही आणि सुरक्षितही नसते. बॅलन्स उघडा दाखवणे ही सवयही मोडावी लागली तर मोडावी. पण झाकलेल्या आकड्याशेजारी डोळ्याच्या चित्राऐवजी ‘बॅलन्स दाखवा’ असे लिहिता येते. बचत खात्याचा आकडा वेगळा ठेवता येतो. ‘फंड ट्रान्सफर’ डावीकडे वर होते तर पैसे पाठवण्याचे बटण तिथेच ठेवून ‘स्कॅन’ तळाच्या पट्टीत देता येते. हललेल्या बटणाच्या जागी काही महिने ‘हे आता इथे आहे’ अशी पाटी राहू शकते. काही अ‍ॅपांत ज्येष्ठांसाठी सोपी स्क्रीन दिलेली असते, पण तिचे बटण सेटिंग्जमध्ये चौथ्या पायरीवर असते आणि तिची मांडणी जुन्या अ‍ॅपशी जुळत नाही. म्हणजे शिकायला तिसरीच मांडणी. अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा अ‍ॅप घेणाऱ्याला यातले काही अडत नाही. त्याला कदाचित नवीच स्क्रीन सोपी वाटेल. म्हणून ‘ज्येष्ठांना जमते का’ असा एकच प्रश्न विचारला तर उत्तर चुकते. जुन्या अ‍ॅपचा हात बसलेले आणि नव्याने आलेले, या दोघांना वेगळे बसवून तपासावे लागते.